'ल'ची साक्ष

"ताई, मुक्काम शंभर रुपयाला कधी ठेवला आपण?"

वैनींचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेच्या प्रुफात अडकले होते. आवाजात राग नव्हता, घाबरलेपण होतं. पुण्याहून पार्सलने आलेले माहितीपत्रकांचे गठ्ठे त्यांच्या मुलाने सकाळीच आळेफाट्याच्या स्टँडवरून नेले होते. घरी जाऊन पहिला गठ्ठा सोडला आणि दरपत्रकावर नजर गेली.

मी म्हटलं, "मुक्काम पंधराशे आहे, वैनी. शंभर बैलगाडीचे."

"मग बैलगाडी बाराशेला कशी छापली? आणि शिवनेरीची सहल मोफत?"

मी पत्रिका तशीच ठेवली आणि नमुन्यासाठी माझ्याकडे ठेवलेल्या पन्नास प्रतींतली एक उघडली. घडी सुबक, कागद चांगला, फोटोंचे रंग जसे हवे तसे. आतल्या पानावर दरपत्रक होतं, आणि त्यात खरोखरच मुक्काम शंभर रुपयाला पडला होता.

आळेफाटा म्हणजे चार वाटांचा चौक. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज चढून नगरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. या चौकाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर माझं डीटीपीचं दुकान आहे. पावतीपुस्तकं, कांद्याच्या आडतीची बिलं, लग्नपत्रिका, निवडणूक आली की हँडबिलं, असं सगळं मी करते. मोठी छपाई पुण्यातल्या प्रेसला पाठवते, कारण चार रंगांचं ऑफसेट काम तिथे स्वस्तही पडतं आणि नीटही होतं. २०१८ साली शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केल्यापासून कृषी पर्यटनाची पत्रकंही माझ्याकडे येऊ लागली. वैनींचं केंद्र त्यातलंच. हुरड्याच्या हंगामाआधी वाटायला त्यांना तीन हजार पत्रकं हवी होती: ए-फोर आकार, दोन्ही बाजूंना छपाई, तीन भागांची घडी.

आता दरपत्रकात काय झालं ते सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्या पाच ओळींची आहे. मी केलेल्या फाइलमध्ये ते असं होतं:

हुरडा पार्टी, नाश्ता व दुपारच्या जेवणासह – ८००
मुक्काम, दोन वेळचे जेवण व नाश्ता – १५००
बैलगाडीची फेरी – १००
शिवनेरी-लेण्याद्री सहल, वाहनासह – १२००
पाच वर्षांखालील मुले – मोफत

छापून आलेलं असं:

हुरडा पार्टी, नाश्ता व दुपारच्या – ८००
जेवणासह – १५००
मुक्काम, दोन वेळचे जेवण व नाश्ता – १००
बैलगाडीची फेरी – १२००
शिवनेरी-लेण्याद्री सहल, वाहनासह – मोफत

पहिली ओळ चौकटीत मावली नाही, 'जेवणासह' हा शब्द खाली उतरला आणि त्याच्यामागून सगळी नावं एकेक घर खाली सरकली. दर मात्र जागचे हलले नाहीत. पाच वर्षांखालची मुलं चौकटीच्या तळाबाहेर गेली ती छापलीच गेली नाहीत. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं, एकही आकडा चुकलेला नव्हता. चुकली होती ती त्यांची जोडी.

प्रेसला फोन लावला आणि तिकडे फॉन्ट बदलला का, असं विचारलं. तिथल्या ऑपरेटरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, आपण जशी फाइल दिली तशीच छापलीय. फॉन्ट बदलायचा प्रश्नच येत नाही. आम्ही सगळं कर्व्ह करूनच प्लेट काढतो."

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. फाइलमधल्या अक्षरांचं 'कर्व्ह' केलं की ती अक्षरं राहत नाहीत, नुसती रेखाकृती होतात. क ची बाह्यरेषा उरते, पण तो क आहे हे संगणकाला ठाऊक राहत नाही. त्यामुळे पुढच्या यंत्रावर तो फॉन्ट असो की नसो, आकार तसाच उमटतो. म्हणून सगळे प्रेसवाले कर्व्हचा आग्रह धरतात, आणि तो बरोबरच आहे. पण कर्व्ह केल्याने पडद्यावर त्या क्षणी जे दिसतंय तेवढंच पक्कं होतं. ते बरोबर असेल तर बरोबर पक्कं होतं, आधीच बिघडलेलं असेल तर बिघाड पक्का होतो. ऑपरेटर खोटं बोलत नव्हता. तो कर्व्ह केल्यानंतरचं सांगत होता आणि मला त्याच्या आधीचं विचारायचं होतं.

त्या रात्री मी मेल लिहायला बसले. 'आपल्या निष्काळजीपणामुळे माझ्या ग्राहकाचे अपरिमित नुकसान झाले असून…' अशी सुरुवात झाली आणि दीड पान कधी भरलं कळलं नाही. वीस वर्षांच्या संबंधांची आठवण दिली, पुढचं काम देणार नाही असा दमही भरला. पाठवण्याआधी एकदा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की या दीड पानात असं एकही वाक्य नाही ज्याला 'फाइल तुमचीच होती' एवढं उत्तर पुरणार नाही. मी फॉन्ट बदलला म्हणत होते, पण तो बदलला हे दाखवत कुठे होते? मेल तशीच ठेवली आणि झोपले.

सकाळी नमुन्याची प्रत आणि माझ्या पीडीएफची छापील प्रत शेजारी ठेवून बसले. पीडीएफमध्ये अक्षरं अक्षरं म्हणून शिल्लक असतील तर शोध सोपा असतो. अॅक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl+D दाबून Fonts टॅब उघडला की फॉन्टची यादी दिसते, आणि नावापुढे Embedded Subset असं असेल तर फॉन्ट फाइलच्या पोटातच आहे हे कळतं. माझ्या पीडीएफमध्ये यशोमुद्रा पोटात होता. राज्य मराठी विकास संस्थेने मोफत उपलब्ध करून दिलेला हा फॉन्ट मला मराठी मजकुरासाठी आवडतो. प्रेसकडून मागवलेल्या त्यांच्या फाइलमध्ये मात्र यादी कोरी. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये फॉन्टचं नाव उरतच नाही. म्हणजे नावावरून ओळखायचा रस्ता बंद. उरला तो आकारावरून ओळखायचा.

आणि तिथे 'ल' कामाला आला.

मराठीचा ल तुम्ही शाळेत कसा गिरवला ते आठवा. मधे एक देठ आणि दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या. हिंदीच्या छापील मजकुरात ल ला उजवीकडे उभी दांडी असते. श चंही तसंच, मराठी वळण वेगळं आणि हिंदी वळण वेगळं. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, तो याच फरकामुळे. पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं नाहीत. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक एकच, U+0932. पाकळ्या काढायच्या की दांडी, हे फॉन्ट ठरवतो. यशोमुद्रा मराठीसाठीच घडवलेला असल्याने त्यात पाकळ्या आहेत.

छापून आलेल्या पत्रकात 'बैलगाडी'चा ल दांडीचा होता. 'सहल'चा ल दांडीचा, 'लेण्याद्री'चा ल दांडीचा, 'शिवनेरी'चा श हिंदी वळणाचा. मुखपृष्ठावरचं केंद्राचं नाव तेवढं पाकळ्यांचं होतं, कारण ते मी स्वतःच आधी कर्व्ह करून ठेवलं होतं. एकाच पत्रकात दोन प्रकारचे ल. आदल्या दिवशी मी हेच पत्रक दहा वेळा पाहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. मी दर वाचत होते, अक्षरांकडे बघत नव्हते.

मी पुण्यात डीटीपी शिकत होते तेव्हा तिथे एक म्हातारे मुद्रितशोधक यायचे. आयुष्य खिळ्यांच्या छपाईत गेलेलं. ते सांगायचे की जुळाऱ्याच्या केसमध्ये दुसऱ्या वळणाचा खिळा चुकून पडला की तो ओळीत मिसळून यायचा, आणि मुद्रितशोधक त्याभोवती गोल करून समासात 'डब्ल्यू. एफ.' लिहायचा, म्हणजे राँग फाउंट. तेव्हा मला वाटायचं, एका खिळ्यासाठी स्वतंत्र खूण कशाला? आता समजलं. त्या खुणेमुळे माणसाला अक्षर वाचण्याऐवजी बघण्याची सवय लागत असे. आमच्या पिढीने ती खूण सोडली आणि सवयही.

आता फॉन्ट बदलला हे दिसत होतं. पण तो कुठे बदलला? हे सिद्ध करायचा एकच मार्ग मला सुचला, तो म्हणजे चूक पुन्हा घडवून बघायचा. दुकानात दुसरा एक जुना संगणक आहे, त्यावर मी फक्त बिलं करते. त्यावर यशोमुद्रा कधी टाकलेलाच नव्हता. त्यावर पत्रकाची कोरल ड्रॉची मूळ फाइल उघडली. कोरलने विचारलं की हा फॉन्ट या यंत्रावर नाही, त्याऐवजी दुसरा वापरायचा का. अशा चौकटीत सगळे जे करतात तेच मी केलं, वाचलं न वाचलं आणि ओके दाबलं.

फाइल उघडली आणि माझ्या पडद्यावर मुक्काम शंभर रुपयाला पडला.

मधे कोरलने कुठला फॉन्ट सुचवला याला फारसा अर्थ नसतो. त्या फॉन्टात देवनागरी नसेल तर अक्षरं शेवटी विंडोजबरोबर आलेल्या फॉन्टमध्येच उमटतात. आमच्या बाबतीत तो मंगल होता. मंगलची निंदा मला करायची नाही. र. कृ. जोशींसारख्या जाणत्या सुलेखनकाराने तो घडवला आणि विंडोजच्या पडद्यावर देवनागरी वाचता आली ती त्याच्यामुळे. पण माझ्या साडेदहा पॉइंटच्या मजकुरात त्याची अक्षरं यशोमुद्रापेक्षा जास्त जागा खात होती. हुरडा पार्टीची ती पूर्ण ओळ मोजली. यशोमुद्रात ती ५७ मिलिमीटर भरली, मंगलमध्ये ६४. माझी चौकट ६२ मिलिमीटरची होती. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून बसवलेली ओळ दोन मिलिमीटरने बाहेर गेली.

इथे मला थांबता आलं असतं. पण प्रेसने छापलेल्या पत्रकात आणखी एक गोष्ट माझ्या फाइलहून निराळी होती. तीन भागांच्या घडीत जो भाग आत दुमडला जातो तो इतर दोघांपेक्षा किंचित अरुंद ठेवावा लागतो, नाहीतर घडी फुगते आणि कडा दुमडते. २९७ मिलिमीटरचे भाग १००, १०० आणि ९७ असे करायचे असतात. मी घाईत सरळ तिन्ही ९९ चे केले होते. प्रेसने ते दुरुस्त केलं होतं, आणि दरपत्रक नेमकं त्या आतल्या, अरुंद झालेल्या भागावर होतं. त्यांनी चौकट दोन मिलिमीटरने कमी केली होती. उद्या ते म्हणू शकत होते की तुमची घडी आम्ही सुधारली, त्यात ओळ तुटली, चूक तुमची.

म्हणून तेही करून पाहिलं. फॉन्ट यशोमुद्राच ठेवला आणि चौकट ६० ची केली. ओळ ५७ ची, तेव्हा ती मावली, तीन मिलिमीटर उरलेही. मग चौकट मूळ ६२ च ठेवली आणि फॉन्ट मंगल केला. ओळ तुटली. दोन बदल एकदम झाले असले तरी ओळ तोडणारा कोणता, हे आता सांगता येत होतं.

आणि याच प्रयोगाने मला हेही कळलं की ऑपरेटरने मूळ फाइल उघडलीच का. पीडीएफमधले भाग सरकवणं कटकटीचं असतं. मी झिपमध्ये पीडीएफसोबत कोरलची फाइलही दिली होती, 'लागली तर असू द्या' म्हणून. माझी घडी चुकली नसती तर त्याला ती लागली नसती, आणि मी ती दिली नसती तर त्याने मला फोन केला असता.

दुपारी दुसरी मेल लिहिली. ती जशीच्या तशी देते, फक्त नावं वगळून.

विषय: माहितीपत्रकात फॉन्ट बदलल्याने दरपत्रक चुकीचे छापले गेल्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आपण छापलेली ३००० माहितीपत्रके काल मिळाली. कागद, रंग आणि घडी उत्तम आहे. आतील भागातील दरपत्रक मात्र चुकीचे छापले गेले आहे. मूळ आणि छापील अशा दोन्हींचे स्कॅन सोबत जोडले असून बदललेल्या पाच ओळींना लाल गोल केले आहेत.

आपल्या फाइलमधील मजकूर कर्व्ह केलेला आहे हे मान्य. परंतु तो कर्व्ह करण्यापूर्वीच फॉन्ट बदलला होता. कृपया छापील पत्रकातील 'बैलगाडी', 'सहल' आणि 'लेण्याद्री' या शब्दांतील ल पाहावा. तो दांडीचा आहे. माझ्या पीडीएफमध्ये तो पाकळीचा आहे. यशोमुद्रा नसलेल्या संगणकावर कोरलची फाइल उघडली असता हाच बदल आणि हीच तुटलेली ओळ मिळते. त्याचे चित्र जोडले आहे. आपल्याकडे खात्री करून पाहावी, दोन मिनिटांचे काम आहे.

आपण सोमवारी रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रुफात ल पाकळीचा आहे आणि दर बरोबर आहेत. म्हणजे ते प्रूफ माझ्या पीडीएफचे होते आणि प्लेट दुसऱ्या फाइलवरून निघाली. मी मंजुरी दिली ती पहिल्या फाइलला.

यात माझ्याकडूनही दोन चुका झाल्या. घडीचे तिन्ही भाग मी सारखे ठेवले आणि गरज नसताना कोरलची फाइल पाठवली. आपण घडी सुधारली त्याबद्दल आभार.

माझी विनंती अशी. मजकूर फक्त काळ्या रंगात आहे. दोन्ही बाजूंच्या प्लेटा गम लावून ठेवलेल्या असतील तर केवळ आतल्या बाजूच्या काळ्याची एक प्लेट नवीन लागेल. नवी प्लेट आणि मशीनचा खर्च आपण करावा, कागद दोघांनी निम्मा निम्मा सोसावा. सोबत घडीची मापे सुधारून आणि संपूर्ण मजकूर कर्व्ह करून नवीन पीडीएफ जोडली आहे. कृपया त्याच फाइलवरून छापावे, आणि प्लेट काढण्यापूर्वी तिचेच प्रूफ पाठवावे. चुकीच्या प्रती मी परत पाठवते, त्या मधोमध कापून रद्दीत द्याव्यात.

ग्राहकाला पत्रके शुक्रवारपर्यंत हवी आहेत. आपले उत्तर उद्या दुपारपर्यंत मिळाल्यास बरे होईल.

आपली

मेल पाठवली आणि वाट बघत बसले. संध्याकाळी प्रेसच्या मालकांचा स्वतः फोन आला. "ताई, पोराने उघडली होती फाइल. चौकट आली, ओके मारलं. त्याला वाटलं इंग्रजीच्या कुठल्यातरी फॉन्टचं असेल." एवढंच. ना वाद, ना कुरकुर. आतल्या बाजूचा काळा नवीन काढायचा ठरला. पण एक गोष्ट माझ्या अंदाजाबाहेर होती. जुन्या प्लेटांशी नवी एकटी प्लेट जुळवण्यात मशीनवर जो वेळ जातो, त्यापेक्षा चारही नव्या काढणं त्यांना सोयीचं होतं. ते त्यांच्या खर्चाने करायला ते तयार झाले. कागदाचे निम्मे पैसे मी दिले. ग्राहकाकडून एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. शुक्रवारी दुपारी नवीन गठ्ठे स्टँडवर आले.

त्या मेलचा आणि मालकांच्या फोनचा विचार नंतर बरेच दिवस मनात राहिला. विशेषतः 'त्याला वाटलं इंग्रजीच्या फॉन्टचं असेल' हे वाक्य. कारण मला आमचे जुने दिवस आठवले.

युनिकोडच्या आधी आम्ही सगळे श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या फॉन्टांवर काम करायचो. त्यात मराठी अक्षरांना स्वतःचा क्रमांक नसायचा. इंग्रजी अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या घरात मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. आम्ही वैतागायचो. पण तो कचरा आंधळ्यालाही दिसायचा. ऑपरेटर हातातलं काम टाकून फोन करायचा, "मॅडम, फॉन्ट पाठवा." मग फॉन्टची फाइल पाठवायची, नाहीतर आधीच कर्व्ह करून द्यायचं. त्या काळात फॉन्ट बदलल्यामुळे चुकीचं छापून आलेलं माझं एकही काम मला आठवत नाही, कारण तसं छापणं कुणाला शक्यच नव्हतं.

युनिकोडने ती कटकट संपवली. आता फॉन्ट गेला तरी मजकूर मराठीच राहतो, वाचता येतो, शुद्ध असतो. आणि म्हणूनच तो नजरेतून सुटतो. फॉन्ट पूर्वी बदलला तर ओरडून सांगायचा, आता गप्प बसतो. ज्या गोष्टीने आमचं काम सोपं केलं तिनेच आमचा पहारेकरी घरी पाठवला. त्या ऑपरेटरच्या पडद्यावर मराठी मजकूर व्यवस्थित दिसत होता, मग त्याला शंका यावी तरी कशाची? वैनींचे दर त्याला ठाऊक नव्हते. त्याला ओळखू येण्यासारखी खूण एकच होती, ती म्हणजे ल. आणि ती मलाही दहा वेळा बघून दिसली नव्हती.

तिसरी चूक मी मेलमध्ये लिहिली नाही, कारण तिचा प्रेसशी संबंध नव्हता. ती इथे लिहिते. मी नावं एका चौकटीत आणि दर दुसऱ्या चौकटीत ठेवले होते. सोपं पडतं, दर उजवीकडे छान एका रेषेत येतात. पण त्यामुळे नाव आणि दर यांना बांधणारं काहीच उरलं नाही. तेच दर मी एकाच चौकटीत, टॅब देऊन, त्याच ओळीत ठेवले असते तर ओळ तुटूनही पंधराशे मुक्कामासोबतच खाली आले असते. पत्रक कुरूप दिसलं असतं, शेवटची ओळ कदाचित गेलीही असती, पण मुक्काम शंभर रुपयाला पडला नसता. फॉन्ट बदलला ही चूक प्रेसची, पण त्या चुकीचं रूपांतर खोट्या दरात झालं ते माझ्या दोन चौकटींमुळे. तेव्हापासून दरपत्रक मी तक्त्यात करते, प्रत्येक नाव आणि त्याचा दर एकाच आडव्या घरात.

आता माझ्याकडून प्रेसला फक्त एकच फाइल जाते, मजकूर कर्व्ह केलेली पीडीएफ. मूळ फाइल माझ्या संगणकावर राहते आणि तिच्या शेजारी त्याच नावाच्या फोल्डरमध्ये वापरलेले फॉन्ट. प्रेसला काही बदल हवा असेल तर ते फोन करतात आणि बदल मी करते. कर्व्ह केल्यानंतर शब्द दुरुस्त करता येत नाही, मोबाइल नंबरातला एक आकडा बदलायचा तरी मूळ फाइलकडे यावं लागतं. ग्राहकाचं 'ताई, शेवटचा एकच बदल' हे वाक्य रात्री अकरालाही येतं, तेव्हा हा त्रास जाणवतो. तो मी सोसते. प्रेसला पाठवलेली फाइल छापण्यासाठी असते, उघडण्यासाठी नाही.

चुकीच्या प्रतींतल्या सहा प्रती वैनींच्या मुलाने गठ्ठा सुटल्या सुटल्या हायवेवरच्या एका हॉटेलात ठेवून दिल्या होत्या. चार परत मिळाल्या. दोन कुणीतरी नेल्या. त्या घेऊन कुणी आलंच तर काय करायचं हे आम्ही ठरवून ठेवलं होतं: मुक्काम शंभर रुपयातच द्यायचा आणि फरक मी भरायचा. अजून कुणी आलेलं नाही.

तुम्ही मराठीत काही छापून घेत असाल, पत्रक असो, अहवाल असो की घरची पत्रिका, तर शेवटच्या प्रुफात मजकूर वाचून झाल्यावर आणखी एकदा नुसतं बघा. तुम्ही पसंत केलेल्या नमुन्यात ल पाकळ्यांचा होता आणि हातातल्या कागदावर तो दांडीचा झाला असेल, तर तिथेच थांबा आणि प्रत्येक आकडा कोणत्या नावासमोर आहे ते बोट ठेवून तपासा.